शिवण, छपाई आणि फोटोतला बासमती

बिर्याणीसाठी आज जो लांबलचक दाणा आपण हमखास मागतो, तो २००३ साली शेतकऱ्यांच्या हाती आला तेव्हा कागदोपत्री बासमती नव्हता. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं, म्हणजे सगळे जिला 'पुसा' म्हणतात तिनं, तो 'पुसा सुगंध ४' या नावानं प्रसारित केला होता. २००८ मध्ये केंद्र सरकारनं बासमतीची व्याख्या नव्यानं ठरवली आणि त्याच वाणाला 'पुसा बासमती ११२१' म्हणून मान्यता मिळाली. बियाणं तेच, शेत तेच, दाणाही तोच. मान्यतेच्या आदल्या दिवशी त्याचा फोटो काढला असता आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी काढला असता, तर दोन्हींत तसूभरही फरक दिसला नसता. पण पहिल्या फोटोत बिगर-बासमती आणि दुसऱ्यात बासमती होता.

तळहातावर मूठभर तांदूळ, त्यातल्या चार दाण्यांभोवती लाल वर्तुळ आणि खाली 'भेसळ बघा' असा मजकूर असलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला की ही गोष्ट आठवावी. फोटोतून काहीच कळत नाही, असं मात्र नाही. नीट काढलेल्या फोटोतून बरंच कळतं, आणि ज्या पोत्यातून तो तांदूळ आला त्याची शिवण आणि छपाई वाचता आली तर आणखी कळतं. फक्त काय कळलं आणि काय कळलं असं आपल्याला वाटलं, यांची गल्लत करू नये.

आधी बासमती कशाला म्हणायचं ते थोडक्यात पाहू. त्यात दोन अटी आहेत. पहिली वाणाची. बियाणे कायद्याखाली अधिसूचित झालेल्या बासमती वाणांपैकीच तो असला पाहिजे. त्यात डेहराडूनचा टाइप ३, तरावडी, बासमती ३७० हे जुने आहेत आणि पुसा बासमती १, ११२१, १५०९ हे अलीकडचे. दुसरी अट जागेची. २०१६ मध्ये बासमतीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यानुसार पंजाब, हरियाणा, दिल्ली, हिमाचल, उत्तराखंड, पश्चिम उत्तर प्रदेश आणि जम्मू-कठुआ या पट्ट्यात पिकलेलाच भारतीय बासमती. मध्य प्रदेशातले शेतकरी हेच वाण लावतात. आपलाही भाग यादीत घ्यावा म्हणून त्या राज्यानं केलेला दावा थेट न्यायालयात गेला. म्हणजे दाणा हुबेहूब सारखा आणि डीएनएही तोच, तरी तो पिकला कुठे यावरून त्याचं नाव बदलतं. कॅमेऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

आता पोत्याकडे वळू. दुकानात आपल्या हाती आधी तेच येतं.

पाच, दहा, पंचवीस किलोचा बासमती बहुतेक वेळा विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यात येतो. साध्या पोत्याची वीण उघडी असते आणि छपाई थेट तिच्यावरच असते. महागड्या ब्रँडच्या पोत्यावर चकचकीत फिल्म चढवलेली असते आणि चित्र त्या फिल्मच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं. नखानं खरवडून पाहिलं तर साध्या पोत्यावरची शाई थोडी निघते, चकचकीत पोत्यावरची निघत नाही. शिवण वाचताना हा फरक उपयोगी पडतो.

पोत्याला दोन शिवणी असतात. बुडाची शिवण पोती बनवणाऱ्या कारखान्यात पडते. तोंडाची शिवण तांदूळ भरून झाल्यावर गिरणीत किंवा पॅकिंग करणाऱ्याकडे पडते. दोन वेगळ्या जागा, दोन वेगळी मशिनं. त्यामुळे खालचा दोरा पांढरा आणि वरचा निळा दिसला म्हणून कुणी पोतं उघडून शिवलं असा निष्कर्ष काढू नये. दोन्ही टोकांचे दोरे जुळत नाहीत, ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि बहुतेक वेळा ती निराधार असते.

तोंडाची शिवण साखळी टाक्याची असते. भरतकाम केलेल्यांना हा टाका माहीत आहे. प्रत्येक फास पुढच्या फासानं अडकवलेला असतो आणि शेवटचा फास मोकळा असतो. म्हणूनच शिवण जिथे संपली त्या टोकाचा दोरा बरोबर ओढला की सगळी शिवण एका दमात सरसर सुटते, आणि जिथे सुरू झाली त्या टोकानं कितीही ओढली तरी जास्तच घट्ट होते. यातही दोन प्रकार आहेत. एकदोरी शिवणीत पुढे सरळ टाके आणि मागे एकेरी साखळी दिसते. दोनदोरी शिवणीत खालून दुसरा दोरा येऊन फासात गुंततो, त्यामुळे मागची बाजू जाड आणि गाठाळ दिसते. कित्येकदा त्या दोन दोऱ्यांचे रंगही वेगळे असतात. हातात धरून चालवायचं छोटं मशीन सहसा एकदोरी टाका घालतं आणि ते कुणालाही विकत मिळतं. मोठ्या गिरण्यांच्या पट्ट्यावर दोनदोरी टाका जास्त दिसतो. पण लहान गिरण्याही हातमशीनच वापरतात. तेव्हा एकदोरी टाका दिसला की पोतं बनावट, असं समीकरण मांडता येत नाही.

मग पोतं पुन्हा शिवलंय हे ओळखायचं कसं? दोऱ्याकडे पाहण्याऐवजी सुईची भोकं पाहा. चकचकीत फिल्ममधून सुई गेली की पडलेलं भोक कायमचं राहतं. दोरा काढून पुन्हा शिवलं तर जुन्या भोकांची एक रिकामी रांग नव्या शिवणीच्या वर किंवा खाली, किंचित तिरकी, दिसते. मशीननं नेमकं त्याच भोकांतून पुन्हा शिवणं जवळपास अशक्य आहे. रिकामी रांग दिसू नये म्हणून कुणी ती पट्टी कापूनच टाकली, तर पोत्याची उंची एखाद-दोन बोटं कमी होते आणि वरच्या चित्राची कड कापली गेल्यासारखी दिसते. शेजारचं त्याच ब्रँडचं, त्याच वजनाचं पोतं उभं करून मापलं की लगेच समजतं. बिनफिल्मच्या साध्या पोत्यावर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे सुई धाग्याच्या पट्ट्या बाजूला सारून जाते आणि दोरा काढून बोटानं चोळलं की पट्ट्या परत जागच्या जागी येतात. तागाच्या पोत्याचंही तेच.

दुहेरी भोकं दिसली तर पोतं एकदा उघडलं किंवा दोनदा शिवलं गेलं, एवढं नक्की. का, ते मात्र सांगता येत नाही. गिरणीत दोरा तुटला किंवा वजन कमी भरलं, तरी तिथेच पुन्हा शिवतात. वाहतुकीत पोतं फाटलं तर घाऊक व्यापारी शिवून घेतो. यात लबाडी नाही. शंका घ्यायची ती एकाच ठेवणीतल्या अनेक पोत्यांवर दुहेरी भोकं असली तर, किंवा दुहेरी भोकांसोबत तारखेच्या छापाचीही गडबड असली तर. उलट बाजूनं पाहिलं, तर निष्कलंक शिवणही आतल्या मालाची हमी देत नाही. भेसळ जर गिरणीतच झाली असेल, तर पोतं अगदी देखणं, पहिल्या शिवणीचंच असणार.

छपाईचंही असंच आहे. पोत्यावरची छपाई दोन वेळी होते. चित्र, ब्रँड, घोषवाक्यं आधीच छापलेली असतात. बॅच नंबर, पॅकिंगचा महिना-वर्ष आणि किंमत भरतानाच्या वेळी पडते, बहुतेक वेळा ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत. चित्रातले रंग एकमेकांवर नीट बसले नाहीत, अक्षराला सावली आली, तांबड्याची कड निसटली, अशा गोष्टींवर लोक फार विसंबतात. साध्या पोत्यांच्या छपाईत हे खऱ्या मालातही रोज होतं. माझ्या मते मोठ्या चित्रापेक्षा ठिपक्यांचा छाप जास्त बोलका असतो. तो छाप फिल्मच्या वर बसतो, म्हणून तो पुसता येतो आणि पुसला की त्या जागी मंद, चकाकी गेलेला चौकोन राहतो. पोतं उजेडात तिरकं धरा. अंकांच्या खाली किंवा आसपास असा चौकोन आहे का, किंमतीवर चिकटपट्टी लावली आहे का, एकाच खेपेतल्या चार पोत्यांवर बॅच वेगळी आणि तारीख मात्र एक असं काही आहे का, ते पाहा.

आणि अक्षरं वाचा, तीही पुढची नव्हेत, मागची बारीक. पुढे बिर्याणीचं भांडं, हिमालय आणि ब्रँडचं भलंमोठं नाव असतं. मालाचं नाव काय लिहिलंय ते मागे, उत्पादकाच्या पत्त्याजवळ असतं. तिथे 'बासमती तांदूळ' असेल तर विकणारा त्या शब्दाला बांधला गेला. तिथे नुसतं 'लाँग ग्रेन राइस' असेल आणि पुढे ब्रँडच्या नावात बासमतीचा भास असेल, तर ती भेसळ नव्हे. ती चलाखी आहे आणि तिला आपणच फसतो. 'तिबार', 'दुबार', 'मोगरा' हे शब्द वाण सांगत नाहीत, तुकड्याचा आकार सांगतात. तिबार म्हणजे साधारण पाऊण दाणा, दुबार म्हणजे अर्धा, मोगरा त्याहून बारीक. पोत्यावर 'बासमती तिबार' लिहिलेलं असताना आत तुटके दाणे निघाले म्हणून भांडायला गेलात तर दुकानदारच बरोबर ठरेल.

खाद्य परवान्याचा १४ अंकी क्रमांकही बघण्यासारखा असतो. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नुसती नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचा परवाना ११५ नं सुरू होतो, हरियाणाचा १०८ नं, केंद्राचा १०० नं. पोत्यावर 'करनालच्या गिरणीतून थेट' असं लिहिलंय आणि क्रमांक ११५ चा आहे, तर माल इथे महाराष्ट्रात भरला गेला असावा. तो गुन्हा नाही. पण 'थेट' हा शब्द मग खरा नाही. हा क्रमांक अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकला की परवानाधारकाचं नाव दिसतं. ते पोत्यावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. जुळलं तरी त्यातून एवढंच सिद्ध होतं की असा परवाना आहे. दुसऱ्याचा क्रमांक आपल्या पोत्यावर छापायला काही लागत नाही.

जाता जाता एक. २६ किलोचं पोतं पाहून काही जण चपापतात. २०२२ च्या जुलैमध्ये २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी लागला, आणि त्यानंतर २६ आणि ३० किलोची पोती दिसू लागली. तो विचित्र आकडा करामुळे आलाय, भेसळीशी त्याचा संबंध नाही.

आता दाण्याचा फोटो. तळहातावरचा फोटो मोजमापाच्या कामाचा नसतो. त्यात मापाला काही नसतं, दाणे एकमेकांवर असतात आणि मोबाइल अगदी जवळ नेलेला असतो. जवळ नेलेल्या मोबाइलची रुंद भिंग मधले दाणे मोठे आणि कडेचे वाकडे दाखवते. कामाचा फोटो असा काढावा. काळा, चकाकी नसलेला कागद घ्यावा. त्यावर शंभर अख्खे दाणे एकमेकांना न चिकटता रांगेत मांडावेत. तुटके आधीच वेगळे करून त्यांचं वजन निराळं घ्यावं. दाण्यांच्याच पातळीवर दोन पट्ट्या ठेवाव्यात, एक मध्ये आणि एक कडेला. मोबाइल फूट-दीड फूट वर, अगदी सरळ धरावा आणि जवळ नेण्याऐवजी दुप्पट झूम करावा. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड एका बाजूनं. दोन्ही पट्ट्यांवरचा एक सेंटिमीटर फोटोत सारखाच लांब दिसला तर फोटो मोजायच्या लायकीचा आहे.

पण हे शंभर दाणे आणायचे कुठून, यात खरी मेख आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एका भांड्यात एकसारखा शिजलेला असतो. पोत्यातला मिसळीचा तांदूळ तसा नसतो. हलवाहलवीत बारीक आणि तुटके दाणे खाली सरकतात आणि लांब दाणे वर राहतात. म्हणून व्यापारी पोत्यात टोकदार पोकळ नळी, परखी, वेगवेगळ्या ठिकाणी खुपसून नमुना काढतो. घरी पोतं मोठ्या परातीत रिकामं करावं, नीट कालवावं, ढीग करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवावेत आणि पुन्हा तेच करावं. शेवटी हाती येणाऱ्या मुठीतून शंभर दाणे न निवडता मोजावेत. 'न निवडता' हे महत्त्वाचं, कारण शंका मनात असली की बोटं आपोआप आखूड दाण्याकडे जातात.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा पोत्यावर '११२१ स्टीम बासमती' लिहिलंय. फोटोत पट्टीवरचे ५० मिलिमीटर १५०० पिक्सेल भरतात, म्हणजे एका मिलिमीटरला ३० पिक्सेल. एक दाणा २४९ पिक्सेल लांब, म्हणजे ८.३ मिलिमीटर. असे शंभरही मोजले आणि लांबीप्रमाणे लावले. ८३ दाणे ७.९ ते ८.६ च्या दरम्यान आले. उरलेले १७ दाणे ७.० ते ७.४ मध्ये आले. आणि ७.४ ते ७.९ मध्ये एकही नाही.

यातून काय दिसलं? पहिली गोष्ट, हे एकाच वाणाचं पीक नाही. एका वाणाचे दाणेही लहानमोठे असतात, पण ते एकाच ठिकाणी गर्दी करतात आणि दोन्ही बाजूंना हळूहळू विरळ होतात. इथे मध्ये रिकामी जागा सोडून दोन वेगळ्या गर्द्या आहेत. टोक मोडून गिरणीत घासलेले दाणे असते तर ते सगळ्या लांबींमध्ये विखुरलेले दिसले असते. दुसरी गोष्ट, नुसती सरासरी पाहिली असती तर हे लपलं असतं. शंभर दाण्यांची सरासरी साधारण ८.१ मिलिमीटर येते. २००८ च्या व्याख्येत बासमतीच्या कच्च्या दाण्याची सरासरी लांबी किमान ६.६१ मिलिमीटर आहे. सरासरीच्या कसोटीला हे पोतं आरामात उतरतं.

आणि काय नाही दिसलं? ते १७ दाणे कसले आहेत, हे. ११२१ चा दाणा व्यापारात साधारण ८.३ ते ८.४ मिलिमीटरचा धरतात. शरबती हा स्वस्त, बिगर-बासमती तांदूळ साधारण ७.२ चा. पण तरावडीसारखा पारंपरिक बासमतीही त्याच सुमाराचा आणि पुसा बासमती १ साधारण ७.४ चा. म्हणजे ते १७ दाणे शरबती असतील, किंवा दुसरा अस्सल बासमती. '११२१' असं छापलेलं असल्यामुळे दोन्ही बाबतींत लेबल चुकीचं ठरतं. पण बासमतीत बिगर-बासमती मिसळलाय का, हा प्रश्न वेगळा आहे आणि फोटो तिथे गप्प बसतो. आणखी वाईट प्रसंग बघा. सुगंधा हा बिगर-बासमती आणि पुसा १४०१ हा बासमती, दोघेही ७.७ मिलिमीटरच्या आसपास. १४०१ मध्ये सुगंधा कालवला तर फोटोत एकच गर्दी दिसेल, आणि तो फोटो सगळं आलबेल असल्याचं सांगेल.

रुंदीबद्दल सावध राहायला हवं. लांबी भागिले रुंदी किमान ३.५ हवी अशी अट आहे आणि अनेक जण फोटोवरून तेच गुणोत्तर काढतात. दाण्याची कड जराशी पुसट आली आणि दोन्ही बाजूंना मिळून चारपाच पिक्सेल जास्त मोजले गेले, तर १.८ चा दाणा १.९५ चा होतो आणि गुणोत्तर ४.६ वरून ४.३ वर घसरतं. लांबीत तेवढीच चूक झाली तर फारसं बिघडत नाही. रुंदीत झाली तर सगळं गणित सरकतं.

शंभर दाण्यांच्या आकड्याचाही अति आदर करू नये. शंभर दाणे म्हणजे जेमतेम दोन ग्रॅम. पाच किलोच्या पोत्यात सुमारे अडीच लाख दाणे असतात. शंभरांत १७ निघाले, तर पूर्ण पोत्यात ते प्रमाण १० पासून २४ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. शंभरांत दोन निघाले तर त्यावरून कुणावर आरोप करणं अजिबात योग्य नाही. शेतात, मळणीयंत्रात, गिरणीच्या पट्ट्यात थोडी सरमिसळ होतेच. ब्रिटनमधल्या तांदूळ उद्योगाच्या आचारसंहितेतही बासमतीत ७ टक्क्यांपर्यंत बिगर-बासमती चालतो.

रंगावरून काढलेले निष्कर्ष तर बहुतेक निकामी असतात. पिवळसर दाणा जुना असेल, सेला असेल, किंवा मोबाइलनं संध्याकाळच्या दिव्यात रंग बदलला असेल. पोटाशी पांढरा डाग असलेला दाणा म्हणजे नीट न भरलेला दाणा, दुसरा वाण नव्हे. सेल्यात असे डाग सहसा नाहीसे होतात, कारण उकडताना पिष्ट विरघळून घट्ट बसतं. म्हणून सेल्यात मधूनच खडूसारखे पांढरे, अपारदर्शक दाणे दिसले तर कच्चा तांदूळ मिसळलाय, असं म्हणायला जागा असते. रंगाच्या बाबतीत फोटोवर मी विश्वास ठेवीन तो एवढ्यापुरताच.

सुवास फोटोत येत नाही, हे सांगायला नको. पण नाकही निर्णायक नाही. बासमतीच्या वासामागे जे मुख्य रसायन आहे, तेच आपल्या आंबेमोहोरातही असतं. म्हणजे वास खरा असला तरी तांदूळ बासमती असेलच असं नाही, आणि वास कमी आला तर तो फक्त जुना किंवा उघडा राहिलेलाही असू शकतो. २०२३ च्या ऑगस्टपासून लागू झालेल्या आपल्या बासमती मानकांत कृत्रिम सुवास आणि कृत्रिम रंगाला मनाई आहे. पण ते ओळखायला प्रयोगशाळा लागते.

प्रयोगशाळेच्या आधी घरात एक पायरी उरते, आणि ती फोटोपेक्षा भारी आहे. वरच्या उदाहरणातले ते आखूड दाणे चिमट्यानं वेगळे करा, त्यांच्यासारखेच आणखी काही पोत्यातून वेचा. दोन्ही गटांतले वीस-वीस दाणे मोजून ठेवा. दोन पातळ मलमलच्या पुरचुंड्यांत सैल बांधून वीस मिनिटं एकत्र भिजवा आणि एकाच भांड्यात, एकाच उकळत्या पाण्यात दहा मिनिटं शिजवा. निथळून, ओल्या कागदावर सरळ ठेवून पुन्हा मोजा. शिजल्यावर दाणा किमान १.७ पट लांब व्हावा आणि सरासरी १२ मिलिमीटरपर्यंत पोचावा, अशी बासमतीची अट आहे. समजा लांब दाणे ८.३ वरून १६.६ वर गेले, म्हणजे दुप्पट झाले. आखूड दाणे ७.२ वरून १०.८ वर थांबले, म्हणजे दीडपट, शिवाय पोटात फुगून फाटले. आता शरबतीची शंका बरीच पक्की झाली. एकाच भांड्यात, एकाच वेळी शिजवल्यामुळे पाण्याचा, आचेचा, वेळेचा फरक राहिला नाही. तरी एक सबब उरते. नवा तांदूळ जुन्याएवढा लांबत नाही. आखूड दाणे यंदाचे आणि लांब दाणे दोन वर्षं साठवलेले असतील तर निकाल फसवा ठरू शकतो.

शेवटचा शब्द डीएनएचा. मेरठजवळच्या मोदीपुरममध्ये बासमती निर्यात विकास प्रतिष्ठानची प्रयोगशाळा आहे, आणि हैदराबादच्या सीडीएफडी या संस्थेनं बासमतीसाठी डीएनए चाचणी विकसित केली. दळलेल्या दाण्यांतून वाणाच्या खुणा शोधून दुसरा तांदूळ किती मिसळलाय हे तिथे सांगता येतं. निर्यातदारांना ही चाचणी परवडते. एका पोत्यासाठी घरगुती ग्राहक ती करून घेईल, हे अवघड आहे. त्यासाठी कायद्यात दुसरी वाट आहे.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या ४० व्या कलमानुसार कोणताही ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून विकत घेतलेल्या पदार्थाची तपासणी करून घेऊ शकतो. त्यात एक अट आहे, जी बहुतेकांना घरी गेल्यावर कळते. आपण हा माल तपासायला देणार आहोत, हे विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. म्हणजे महिनाभर वापरलेल्या, उघड्या पोत्यातला नमुना या कलमाखाली पुढे जात नाही. ज्यांना घरच्या मोजमापावरून शंका आली आहे, त्यांनी त्याच दुकानातून त्याच बॅचचं न उघडलेलं पोतं घ्यावं, तिथेच तसं सांगावं, आणि बिलावर ब्रँड, बॅच आणि वजन लिहून घ्यावं. दुसरा मार्ग अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करण्याचा. मग अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः नमुना घेतो, त्याचे चार भाग करून सील करतो आणि एक भाग विश्लेषकाकडे पाठवतो. त्या तक्रारीला काळ्या कागदावरचा, पट्टी दिसणारा फोटो जोडावा. सोबत तोंडाच्या शिवणीचा पुढून आणि मागून काढलेला फोटो, बॅचचा छाप तिरक्या उजेडात आणि मागच्या बारीक मजकुराचा एक फोटो. मजकुरात 'भेसळ आहे' असं लिहू नये. 'शंभरपैकी १७ दाणे ७.४ मिलिमीटरपेक्षा आखूड, शिजल्यावर दीडपट, लेबलवर ११२१' असं लिहावं. अधिकाऱ्याला पुढे काय तपासायचं ते यातून कळतं, आणि विश्लेषकाचा अहवाल वेगळा आला तर विनाकारण बदनामी केल्याचा ठपका आपल्यावर येत नाही.

आणि पोतं रिकामं झालं की भंगारवाल्याला देताना ब्रँडच्या चित्रावरून आडवं कापून द्यावं. चांगल्या ब्रँडची अखंड रिकामी पोती पुन्हा भरायला विकत घेणारे लोक असतात, आणि त्यांना मूळ छपाई आयती मिळते.